फिनलीचा तक्ता

आकडे शंभर टक्क्यांच्या जवळ पोचले की आपण प्रश्न विचारायचं थांबतो. ९६ टक्के मिळालेल्या मुलाला कुणी विचारतं का, की बाबा रे, पेपर कसा होता? १८८४ साली अमेरिकेत एका माणसाला मात्र नेमकं हेच विचारलं गेलं. मशीन लर्निंगच्या अगदी पहिल्या अभ्यासक्रमात मी मुलांना कन्फ्युजन मॅट्रिक्स शिकवते ती त्याच्याच आकड्यांवर. आपल्या ब्लॉगवर या विषयातले आणि विषयाबाहेरचे, दोन्हीकडचे लोक येतात. म्हणून आज ती गोष्ट सगळ्यांसाठी, बेरीज-भागाकाराच्या पलीकडचं गणित न वापरता.

माणसाचं नाव जॉन पार्क फिनली. त्या काळी अमेरिकेचं हवामान खातं लष्कराच्या सिग्नल कोअरकडे होतं आणि फिनली तिथे नोकरीला होता. त्याला वेड टोर्नेडोचं. आपल्या किनाऱ्यावर येतं ते चक्रीवादळ नव्हे हं! टोर्नेडो म्हणजे जमिनीवरून सोंडेसारखा फिरत जाणारा, काही मिनिटांत गाव उडवणारा प्रकार. १८७९ च्या टोर्नेडोंनंतर फिनली कॅन्सस आणि आसपासच्या राज्यांत जाऊन नुकसानीच्या नोंदी करून आला. नंतर त्याने जुन्या ६०० टोर्नेडोंची माहिती एकत्र केली, आणि कुठल्या प्रकारच्या हवेत ते येतात याचे आडाखे बसवले.

मग १८८४ च्या मार्च ते मे या तीन महिन्यांत त्याने ते आडाखे पणाला लावले. देशाचा पूर्वेकडचा भाग विभागांत वाटला आणि प्रत्येक विभागासाठी आधीच लिहून ठेवलं, टोर्नेडो येईल की नाही. एकूण २८०३ भाकितं झाली. नंतर प्रत्यक्ष काय झालं ते शेजारी मांडलं. तो तक्ता असा:

येईल म्हणाला, आला: २८
येईल म्हणाला, नाही आला: ७२
नाही म्हणाला, आला: २३
नाही म्हणाला, नाही आला: २६८०

झालं, हीच कन्फ्युजन मॅट्रिक्स! चार खणांचा तक्ता, एवढंच. हे नाव त्यावेळी नव्हतं, पण वस्तू तीच. बरोबर भाकितं २८ अधिक २६८०, म्हणजे २७०८. त्याला २८०३ ने भागलं की येतात ९६.६ टक्के. फिनलीने आपलं यश या पद्धतीने मोजून छापलं.

काही महिन्यांतच ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट नावाच्या भूशास्त्रज्ञाने त्यावर लेख लिहिला. त्यातला मुद्दा इतका साधा आहे, की दरवर्षी वर्गात कुणीतरी 'अरेच्चा' म्हणतंच. समजा एका माणसाने काहीही अभ्यास न करता २८०३ वेळा नुसतं 'नाही येणार' म्हटलं असतं, तर? टोर्नेडो आले एकूण २८ अधिक २३, म्हणजे ५१. हा माणूस फक्त ५१ वेळा चुकला असता आणि २७५२ वेळा बरोबर ठरला असता. म्हणजे ९८.२ टक्के. झोपलेला माणूस फिनलीच्या पुढे!

मग फिनली बिनकामाचा होता का? अजिबात नाही. फक्त त्याचं मोजमाप भलत्या खणात गेलं होतं. २६८० चा तो एक खण इतका जाडजूड आहे, की उरलेल्या तिघांचा आवाजच ऐकू येत नाही. तो बाजूला ठेवला की दोन खरे प्रश्न उरतात. आलेल्या ५१ टोर्नेडोंपैकी त्याने किती पकडले? २८, म्हणजे ५५ टक्के. याला मुलं रिकॉल म्हणतात. आणि त्याने १०० वेळा 'येईल' म्हटलं त्यातलं किती खरं झालं? २८ टक्के. हे प्रिसिजन. झोपलेल्या माणसाचा रिकॉल शून्य आहे, आणि त्याच्या प्रिसिजनचा प्रश्नच येत नाही, कारण तो कधी 'येईल' म्हणालाच नाही.

फिनलीने डोळे मिटून कुठल्याही १०० ठिकाणी 'येईल' लिहिलं असतं तर सरासरी दोनपेक्षाही कमी टोर्नेडो हाती लागले असते. त्याने २८ पकडले. म्हणजे त्याच्या आडाख्यांत खरोखर काही होतं.

त्याच वर्षी चार्ल्स पर्स या तर्कशास्त्रज्ञाने 'सायन्स' मध्ये एक छोटं टिपण लिहून आणखी एक गोष्ट सुचवली. एका खऱ्या ठरलेल्या इशाऱ्याचा फायदा किती आणि एका फुकट गेलेल्या इशाऱ्याचा तोटा किती, ते धरून हिशोब करा. फिनलीचे २८ इशारे कामी आले, ७२ फुकट गेले. ७२ भागिले २८ म्हणजे सुमारे २.६. म्हणजे एका खऱ्या इशाऱ्याची किंमत एका फुकट इशाऱ्याच्या २.६ पटीहून जास्त असेल, तर फिनलीला ऐकण्यात फायदा. तळघरात जाऊन बसण्याचा त्रास एकीकडे आणि छप्पर अंगावर येणं दुसरीकडे... ही पट किती मोठी असेल ते ज्याचं त्याने ठरवावं.

इथवर मुलांना पटतं. गाडी अडते ती पुढच्या दोन शब्दांवर, ओव्हरफिटिंग आणि ट्रेन-टेस्ट स्प्लिट. तेही याच तक्त्यावर समजतं.

समजा त्या २८०३ भाकितांची वही आपल्याकडे आहे. प्रत्येक ओळीत तारीख, विभाग, हवेचा दाब, तापमान आणि शेवटी टोर्नेडो आला की नाही. रिवाजाप्रमाणे आपण ८० टक्के ओळी शिकायला दिल्या आणि २० टक्के परीक्षेसाठी झाकून ठेवल्या. शिकायच्या २२४२ ओळी, त्यात समजा ४१ टोर्नेडो. परीक्षेच्या ५६१ ओळी, त्यात १०.

आता एक पाठांतरवीर आणा. तो हवेकडे बघतच नाही. 'अमुक तारीख, अमुक विभाग: आला' अशा ४१ ओळी तो घोकतो, आणि पाठ नसलेल्या कुठल्याही ओळीला 'नाही' म्हणतो. शिकलेल्या ओळींवर त्याला १०० टक्के. एकही चूक नाही. झाकलेल्या ओळी उघडल्या की तो सगळीकडे 'नाही' म्हणणार. ५५१ बरोबर, १० चूक, म्हणजे ९८.२ टक्के!

मी मुलांना विचारते, हा ओव्हरफिट झालाय का? बरेच जण म्हणतात, छे, १०० वरून ९८ वर आला, एवढं चालतंच. पण रिकॉल बघा. शिकलेल्या ओळींवर ४१ पैकी ४१, नव्या ओळींवर १० पैकी शून्य. याहून वाईट ओव्हरफिटिंग असूच शकत नाही, आणि नुसत्या टक्क्यांत ते दिसत नाही. घटना दुर्मिळ असेल तर तोच जाडजूड खण पाठांतरालाही पाठीशी घालतो. म्हणून शिकण्याचा आणि परीक्षेचा असे दोन तक्ते शेजारी ठेवायचे, आणि खण खणाशी ताडून बघायचा.

बरं, त्या १० मध्येही एक अडचण आहे. एक टोर्नेडो इकडचा तिकडे झाला की रिकॉल १० टक्क्यांनी हलतो. चिठ्ठ्या टाकून ओळी वाटल्या तर परीक्षेत १० ऐवजी ६ किंवा १५ टोर्नेडोही येऊ शकतात. म्हणून 'आला'च्या आणि 'नाही'च्या ओळी वेगवेगळ्या करून दोन्हींतून २० टक्के काढतात. त्याने १० हा आकडा पक्का होतो, पण १० म्हणजे थोडेच, ते काही बदलत नाही. अशा वेळी दोन मॉडेलांच्या रिकॉलमध्ये ५० आणि ६० असा फरक दिसला, तर तो फक्त एका टोर्नेडोचा फरक आहे, हे विसरू नये.

दुसरी अडचण जास्त लबाड आहे. टोर्नेडो एकेकटे येत नाहीत. एकाच दुपारी शेजारशेजारच्या विभागांत चार-पाच उठतात. चिठ्ठ्या टाकून वाटणी केली की त्याच दुपारच्या तीन ओळी शिकायला जातात आणि दोन परीक्षेला. मग आपल्या पाठांतरवीराने विभाग सोडून नुसती तारीख घोकली तरी परीक्षेत त्याला टोर्नेडो सापडायला लागतात! रिकॉल शून्यावरून वर चढतो, आणि तरी हवेबद्दल त्याला काडीचंही कळलेलं नसतं. पुढच्या वर्षी त्या तारखा परत येणार नाहीत, तेव्हा पितळ उघडं पडेल. उपाय असा, की एका दिवसाच्या सगळ्या ओळी एकाच बाजूला ठेवायच्या. त्याहून चांगलं म्हणजे आधीच्या काळावर शिकायचं आणि नंतरच्या काळावर परीक्षा द्यायची.

फिनलीने अगदी हेच केलं होतं. आडाखे जुन्या टोर्नेडोंवरून बसवले, आणि परीक्षा १८८४ च्या अशा दिवसांवर दिली जे अजून उगवलेच नव्हते. त्याचे ५५ टक्के आणि २८ टक्के दिसायला बेताचे आहेत, पण ते न पाहिलेल्या पेपरचे गुण आहेत. मर्यादा होती ती उत्तरपत्रिकेत. निर्जन भागातला टोर्नेडो कुणी पाहिलाच नसेल, तर फिनलीचं खरं भाकीतही त्या ७२ च्या खणात गेलं असेल.

पुढे काय झालं? १८८० च्या दशकातच लोक घाबरतील म्हणून भाकितांत 'टोर्नेडो' हा शब्द वापरायला बंदी आली. मोठ्या वादळांबद्दल मोघम सांगितलं जाई, टोर्नेडोचं नाव नाही. आपल्या तक्त्याच्या भाषेत, खात्याने तो झोपलेला माणूसच नेमला. ७२ चा खण शून्य झाला, आणि त्याबरोबर २८ चाही. १८ मार्च १९२५ ला मिसुरी, इलिनॉय आणि इंडियाना या तीन राज्यांतून एक टोर्नेडो गेला. त्यात ६९५ माणसं गेली. त्या दिवशीच्या भाकितात टोर्नेडोचा उल्लेख नव्हता. शब्दावरची बंदी उठली १९३८ मध्ये. आणि २५ मार्च १९४८ ला ओक्लाहोमातल्या टिंकर या हवाई तळावर फॉबुश आणि मिलर या दोन अधिकाऱ्यांनी पुन्हा 'येईल' असं लिहिलं. त्या संध्याकाळी टोर्नेडो तळावर आला.

माझ्या वर्गातल्यांनी हे वाचलं असेल तर एक हिशोब करून आणा. फिनलीने आणखी १०० ठिकाणी 'येईल' म्हटलं असतं आणि त्यात सुटलेल्या २३ पैकी १० सापडले असते, तर चारही खणांत काय येईल? टक्के उतरतील. ते उतरलेलं चालेल का, हे पर्सच्या रीतीने ठरवा.