फ्रँकचे कर्ज, फोरिंटचा पगार

१/७
२००७ साली बुडापेस्टमध्ये घर घेणाऱ्या कुटुंबाचा पगार फोरिंट या हंगेरीच्या चलनात येई आणि घराची किंमतही फोरिंटमध्येच चुकती होई. कर्जाची नोंद मात्र अनेकदा स्विस फ्रँकमध्ये केली जाई. या एका नोंदीने पुढे असंख्य संसार कर्जात रुतले.

२/७
मूळ कारण व्याजदराचे होते. २००३ च्या अखेरीस सरकारने फोरिंटमधील गृहकर्जांवरील सवलत आखडती घेतली आणि ती कर्जे महागली. फ्रँकच्या कर्जावरील व्याज बरेच कमी असे. विनिमयदर बदलल्यास वाढणारा बोजा मात्र संपूर्णपणे कर्जदारावर पडणार होता.

३/७
एक काल्पनिक हिशेब पाहू. १ फ्रँक म्हणजे १६० फोरिंट असताना ८० लाख फोरिंटचे कर्ज घेतले, तर ते ५०,००० फ्रँक म्हणून नोंदले जाते. मुदत २० वर्षे, व्याज ५ टक्के. मासिक हप्ता सुमारे ३३० फ्रँक, म्हणजेच ५२,८०० फोरिंट.

४/७
२००८ च्या जागतिक अरिष्टात गुंतवणूकदार सुरक्षित मानल्या गेलेल्या फ्रँककडे धावले. ऑगस्ट २०११ मध्ये फ्रँक २५० फोरिंटच्या पुढे गेला. २५० चा दर धरला तरी तोच ३३० फ्रँकचा हप्ता ८२,५०० फोरिंट होतो. त्याहून विदारक गोष्ट मुद्दलाची होती. चार वर्षे नियमित हप्ते भरून सुमारे ४३,५०० फ्रँक शिल्लक राहतात. त्यांचे होतात जवळपास १ कोटी ९ लाख फोरिंट. घेतले होते ८० लाख!

५/७
करारांतील एक तरतूदही जाचक होती. कर्ज देताना बँका फ्रँकचा खरेदी दर लावत आणि हप्ता घेताना त्याहून चढा विक्री दर. २०१४ मध्ये हंगेरीच्या सर्वोच्च न्यायालयाने ही दरांतील तफावत अन्याय्य ठरवली.

६/७
सप्टेंबर २०११ च्या कायद्याने १८० फोरिंट या सवलतीच्या दराने कर्ज फेडण्याची मुभा दिली. मुख्य अट अशी, सारी रक्कम एकरकमी भरायची. साहजिकच लाभ झाला तो गाठीशी पैसा असलेल्यांना किंवा नवे कर्ज मिळू शकणाऱ्यांना. ज्यांना हप्ताच झेपत नव्हता, ते तसेच राहिले.

७/७
नोव्हेंबर २०१४ मध्ये उरलेली गृहकर्जे सुमारे २५६ च्या दराने फोरिंटमध्ये बदलण्याचे ठरले. अवघ्या काही आठवड्यांनी, १५ जानेवारी २०१५ रोजी, स्विस मध्यवर्ती बँकेने फ्रँकला आवर घालणारी मर्यादा उठवली आणि फ्रँक उसळला. दर आधीच बांधला गेल्याने हंगेरीतील कर्जदार या धक्क्यातून वाचले. पोलंडमध्ये असे रूपांतर झाले नव्हते, तेथील फ्रँक-कर्जदारांना तो थेट बसला. तरीही १६० च्या दराने घेतलेले कर्ज २५६ ने बदलले गेले होते. पुढची वाढ थांबली. मागचा तोटा मात्र फोरिंटमध्ये कायमचा लिहिला गेला.