ग्राहकनोंदींचे विलीनीकरण

एका बँकेने दुसरी बँक आपल्यात सामावून घेतली की दोन्हीकडच्या ग्राहकांच्या नोंदी एकाच प्रणालीत आणण्याचे काम. यात दोन गोष्टी येतात: एकमेकांवर आदळणारे क्रमांक सोडवणे आणि दोन्हीकडे खाते असलेला माणूस एकच आहे हे ओळखणे. पहिली गोष्ट किचकट असते, पण नियमाने सुटते. खरा घोळ दुसरीत असतो.

विजया बँक आणि मुंबईची देना बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या. कागदावर एका दिवसात झालेले हे काम संगणकावर उतरायला दीड वर्षाहून अधिक काळ गेला. विजयाच्या २,१२८ शाखांचे स्थलांतर सप्टेंबर २०२०मध्ये आणि देनाच्या १,७७० शाखांचे डिसेंबर २०२०मध्ये पूर्ण झाले. तिन्ही बँका ‘फिनॅकल’ हेच सॉफ्टवेअर वापरत होत्या, म्हणून काम सोपे जाईल अशी अपेक्षा होती. पण सॉफ्टवेअर एक असले तरी क्रमांक देण्याची रीत ज्याची त्याची असते.

दोन बँकांनी आपापल्या मालिकेतून वाटलेले क्रमांक एकत्र आणले की एकच ग्राहक क्रमांक दोन अनोळखी माणसांच्या नावे निघू शकतो. त्यामुळे स्थलांतराच्या काळात जुना क्रमांक एकटा कधीच वापरत नाहीत. त्याला मूळ बँकेचे चिन्ह जोडतात. नवा क्रमांक दिल्यावर जुन्या-नव्या जोड्यांचा तक्ता जपून ठेवावा लागतो, कारण जुने धनादेश, कर्जहप्त्यांचे आदेश आणि कोर्टाची पत्रे पुढेही जुन्याच क्रमांकावर येत राहतात. आयएफएससीच्या बाबतीत बडोद्याने साधी युक्ती केली. या ११ अक्षरी संकेतात पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे शून्य आणि उरलेली सहा शाखेची. त्या सहांच्या सुरुवातीलाच मूळ बँकेची खूण घातल्याने विजयाच्या शाखांचे संकेत `BARB0VJ` आणि देनाचे `BARB0DB` असे सुरू होऊ लागले. टक्कर होण्याचा प्रश्नच मिटला.

माणसांना अशी खूण लावता येत नाही. समजा, एकीकडे ‘सुमन दत्तात्रय जाधव’ आणि दुसरीकडे ‘सुमन डी. जाधव’ अशी नोंद आहे. पॅन दोन्हीकडे असेल आणि जुळला, तर प्रश्न बहुतेक सुटतो. पण जुनी खाती पॅनऐवजी फॉर्म ६० भरूनही उघडलेली असतात. मग नाव, जन्मतारीख, पत्ता आणि मोबाइल यांवरून अंदाज बांधावा लागतो. १९६९मध्ये फेलेगी आणि सन्टर यांनी या अंदाजाला गणिती पाया दिला: जी गोष्ट योगायोगाने क्वचितच जुळते, ती जुळली तर तिला जास्त गुण, जी सहज जुळते, तिला कमी.

महाराष्ट्रात याचा प्रत्यय जन्मतारखेत येतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकलेली एक अख्खी पिढी आहे. दोन नोंदींत १७ ऑगस्ट १९५२ जुळणे हा भक्कम पुरावा. १ जून १९५२ जुळणे हा जवळजवळ पुरावाच नव्हे. मोबाइलचेही तेच. मुलाचा एकच नंबर आई, वडील आणि आजीच्या खात्यांना लावलेला असतो.

गुणांची बेरीज फार वर गेली तर जोडी मान्य, फार खाली राहिली तर अमान्य. मधल्या जोड्या शाखेत जातात आणि तिथला कर्मचारी केवायसीचे कागद, फोटो आणि सही ताडून पाहतो. हा मधला पट्टा रुंद ठेवलेलाच बरा. एकाच माणसाच्या दोन नोंदी राहिल्या तर त्या उद्याही जोडता येतात. दोन माणसे एक केली तर एकाची शिल्लक आणि ओटीपी दुसऱ्याच्या हाती जातो. म्हणून जाणकार मंडळी जुनी नोंद पुसत नाहीत, दोन्ही नोंदी एका नव्या ग्राहक क्रमांकाला बांधतात आणि गाठ सोडवण्याची सोय ठेवतात. जोडायचा असतो तो ग्राहक, खाती नव्हेत. तपासही त्यावरूनच होतो: आधी आणि नंतर प्रत्येक शाखेतील खात्यांची संख्या आणि एकूण शिल्लक पैशापर्यंत तीच यायला हवी, घटायला हवी ती फक्त ग्राहकांची संख्या.

जोडणी राहून गेली तर ती करकपातीत उघडी पडते. सुमनबाईंना दोन्ही बँकांत ठेवींवर वर्षाला प्रत्येकी ३०,००० रुपये व्याज मिळत होते असे धरू. विलीनीकरणाच्या वर्षी साठीखालच्या ठेवीदारांसाठी मर्यादा ४०,००० रुपये होती आणि ती साऱ्या बँकेतील व्याज मिळून मोजली जाते. नोंदी वेगळ्या राहिल्या तर कर कापला जात नाही. जोडल्या तर ६०,००० रुपयांवर कापावा लागतो. ठेव विम्यालाही हाच हिशेब लागू आहे. ४ फेब्रुवारी २०२०पासून विम्याची मर्यादा एका बँकेत एका ठेवीदारामागे पाच लाख रुपये आहे. दोन बँकांत मिळून दहा लाखांचे संरक्षण असलेल्या ठेवीदाराला विलीनीकरणानंतर त्याच नावावर पाच लाखांचेच संरक्षण उरते.