समान मुळांचा धसका

ज्याला आज जॉर्डन रूप म्हणतात, ते मी बरीच वर्षे निव्वळ आकडेमोडीची युक्ती समजत होतो. मुळाशी गेल्यावर दिसली ती एक जुनी धास्ती. अठराव्या शतकात लाग्रांजची समजूत होती की, समीकरणाची दोन मुळे समान आली तर उत्तरात काळ हा गुणक म्हणून शिरतो, आंदोलन वाढत जाते आणि ग्रहमालाही अस्थिर ठरते.

गुळगुळीत फरशीवर घरंगळणारी गोटी घ्या. स्थान आणि वेग मिळून तिचा सदिश होतो. तिच्या मॅट्रिक्सच्या ओळी (०, १) आणि (०, ०). शून्य हे मूळ दोनदा येते, पण थेट शून्यावर जाणारी दिशा एकच: (१, ०). (०, १) हा सदिश आधी (१, ०) वर जातो, मग शून्यावर. साखळीतला हा दुसरा दुवा म्हणजे व्यापक आयगेन सदिश. त्याच्यामुळेच स्थानात काळाचा गुणक येतो.

उलट, एकमेकांशी न जोडलेले दोन सारखे लंबक घ्या. मुळे समान, पण साखळी नाही, म्हणून वाढही नाही. सममित मॅट्रिक्समध्ये अशी साखळी कधीच बनत नाही, हे वायरश्ट्रासने १८५८ मध्ये दाखवले; सर्वसाधारण उकल १८६८ मध्ये दिली. जॉर्डनचे रूप १८७० चे, तेही गटसिद्धांतातून आलेले. पुढच्याच वर्षी त्याने ते विकल समीकरणांना लावले. १८७४ मध्ये क्रोनेकरशी त्याचा यावरून जाहीर वाद झाला.

धोका समान मुळांत नव्हता, साखळीत होता.