‘सोनुल्या’तला उल्ल

संगमनेरात बाळाला हाक जाते ती ‘सोनुल्या’, ‘तान्हुल्या’ अशी. ‘सोनुल्या’ उलगडून पाहावा. सोने हा मूळ शब्द. त्यातला शेवटचा ए गळतो, उरलेल्या ‘सोन्’ला ‘उला’ लागतो आणि ‘सोनुला’ होतो. हाक मारताना, घोड्याला ‘घोड्या’ म्हणावे तसा, त्याचा ‘सोनुल्या’ होतो. म्हणजे माया ‘उला’मध्ये आहे, ‘या’ हाकेचा आहे. गणेशचा गणा आणि गण्या झाला तोही, मला वाटते, याच हाकेतून. म्हणून तर ‘गण्या’ मित्राच्या तोंडी गोड लागतो आणि परक्याच्या तोंडी झोंबतो, ‘सोनुला’ मात्र कुणीही म्हणो, झोंबत नाही.

हा ‘उला’ फार जुना आहे. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राने आपल्या व्याकरणाच्या आठव्या अध्यायात अपभ्रंश भाषेचे नियम दिले. त्यात नामाला लागणारे ‘अड’ आणि ‘उल्ल’ हे प्रत्यय आहेत. ते लागताना शब्दाचा शेवटचा स्वर लोपतो, अगदी ‘सोने’चा ए गळतो तसाच. त्यांना त्याने स्वार्थिक म्हटले; म्हणजे शब्दाचा अर्थ बदलत नाही. हृदयाचे ‘हिअड’ झाले तरी ते हृदयच. एकाने मन भरले नाही तर दोन्ही एकापुढे एक लावता येतात, अशीही सोय त्याने नोंदवली: ‘बाहुबल’चे ‘बाहुबलुल्लड’. अर्थ तोच, फक्त बोलणाऱ्याचा जीव त्यात अधिक गुंतलेला.

मराठीत या दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. संगमनेरावरून वाहणारी प्रवरा पुढे नेवाशाला जाते. तिथे 1290 साली सांगितलेल्या ज्ञानेश्वरीत ‘बापुडे’ भेटते. बापाला लागलेल्या या ‘ड’मध्ये कीव आली आहे, आजही ‘बापुडा’ म्हणजे बिचारा. ‘उल्ल’ने मात्र बाळे धरून ठेवली: सानुला, तान्हुला, सोनुली.

‘उला’ ऐकू आला की तो प्रत्ययच, असे मात्र नाही. तो काढून पाहावा. ‘सानुला’तून सान, ‘तान्हुला’तून तान्हा उरतो. ‘छकुला’तून उरणारा ‘छक’ बाळाला लागू होईल असा शब्द नाही, म्हणून त्याचे मूळ याच खात्यात मांडायला मी धजत नाही.

लहानग्यांसाठी दुसरा जुना साचा आहे ‘रू’चा. संस्कृत वत्सरूपापासून वासरू आले, पक्षिरूपापासून पाखरू. कोकरू आणि लेकरू त्याच साच्यातले. हे सगळे शब्द नपुंसकलिंगी, त्यामुळे मुलगा असो की मुलगी, ‘लेकरू रडतंय’ एवढेच म्हणायचे. लेकाला नातवंडे झाली तरी आई त्याच्याबद्दल ‘माझं लेकरू दमलं’ म्हणते, आणि क्रियापदही त्या लेकराच्याच मागे जाते.