सोगीथा : प्रश्नाला दिलेले अर्धे गीत

सिरियाक ख्रिस्ती परंपरेत ‘सोगीथा’ नावाचा संवादगीतांचा एक प्रकार आहे. दोन गायकवृंद आळीपाळीने ही गीते गात असत. त्यांतील बहुतेकांचे कर्ते अज्ञात आहेत. दोन पक्षांनी आपापले श्रेष्ठत्व मांडण्याचा हा बंध मेसोपोटेमियातील प्राचीन वादकाव्यांतून आला असून, इ. स. 373 मध्ये निवर्तलेल्या एफ्रेमच्या गीतांतही मृत्यू आणि सैतान यांचा असा वाद आढळतो.

रचनेचे नियम काटेकोर आहेत. आरंभी निवेदनाची काही कडवी, मग संवाद आणि शेवटी स्तुती. प्रत्येक कडव्यात चार चरण, प्रत्येक चरणात सात अक्षरावयव. संवादाची कडवी पुष्कळदा वर्णमालेच्या क्रमाने चालतात. सिरियाकमधील बावीस वर्णांपैकी प्रत्येक वर्ण दोनदा येतो: एकदा प्रश्नकर्त्याच्या कडव्यारंभी, एकदा उत्तर देणाऱ्याच्या. म्हणजे चव्वेचाळीस कडवी, आणि त्यांतील निम्मी शंकेच्या वाट्याला. उत्तर कितीही पवित्र असले तरी त्याला एक चरणही अधिक मिळत नाही.

या समान वाटणीचा अर्थ मरिया आणि देवदूत गाब्रिएल यांच्या सोगीथात स्पष्ट होतो. लूकच्या शुभवर्तमानातील या प्रसंगात मरिया एकच प्रश्न विचारते. गीतकाराला मात्र तिची सगळी कडवी भरावयाची आहेत. तोच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत फिरवला तर गीत साचून राहील. म्हणून तो शंकेला कारण देतो. एदेन बागेत हव्वेने सर्पाचे बोलणे न तपासता मानले. तेव्हा हा अनोळखी आगंतुकही तसाच नसेल कशावरून? येथे प्रश्न विचारणे हा अविश्वास न राहता सावधपणा ठरतो. केवळ अधिकारवाणीने ती नमत नाही. गाब्रिएलला आपले म्हणणे उलगडून सांगावे लागते. मरियेची संमती त्यानंतरची आहे.

आपल्याकडील कलगी-तुऱ्याच्या भेदिक कवनांशी याची तुलना उद्बोधक ठरते. ऐतिहासिक संबंध मात्र सुचवावयाचा नाही. तेथे दोन फड परस्परांचे खरे प्रतिस्पर्धी असतात आणि सवालाचे यश प्रतिपक्ष निरुत्तर होण्यात असते. सोगीथात दोन्ही बाजू एकच कवी लिहितो आणि शेवट श्रोत्यांना ठाऊक असतो. त्यामुळे त्याच्यापुढचा धोका वेगळा आहे: प्रश्न केवळ उत्तराची सोय म्हणून येण्याचा. त्याची खूण सोपी आहे. प्रश्नाची कडवी गाळूनही उत्तरे सलग आणि पुरेशी वाटत असतील, तर संवाद नाममात्र आहे. मरियेची कडवी गाळता येत नाहीत, कारण गाब्रिएलचे पुढचे कडवे तिच्या आक्षेपातून निघते.

आणि ही कडवी वाचावयाची नसून गावयाची आहेत. मरियेच्या बाजूचा वृंद ‘मी’ म्हणतो, तेव्हा उपासनेला जमलेल्यांपैकी काही जण स्वतःच्या तोंडाने शंका घेतात, तीही उपासनेचाच भाग म्हणून. श्रद्धेचा उच्चार त्यांच्याकडे शेवटी येतो, परंतु तो त्या सर्व प्रश्नांनंतरचा असतो.