ऑस्ट्रेलियातील शेणकिड्यांची आयात (१९६५-१९८५) : कुरणातील माश्या व जंत यांच्या नियंत्रणाचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक

१७८८ मध्ये ब्रिटिशांचा पहिला जहाजांचा ताफा सिडनीच्या बंदरात उतरला, तेव्हा त्यात केप ऑफ गुड होप येथून घेतलेली मोजकी गुरे होती. गायबैल या खंडात त्यापूर्वी कधीच नव्हते. त्यांच्याबरोबर गवत आले, कुंपणे आली, पुढे लोकर आणि मांस यांचा मोठा व्यापार उभा राहिला. परंतु आफ्रिकेत व युरोपात गुरांचे शेण जमिनीत नेऊन पुरणारे कीटक मात्र मागेच राहिले. या उणिवेचा परिणाम दिसून येण्यास आणि त्याचे कारण ओळखले जाण्यास जवळजवळ पावणेदोनशे वर्षे लागली.

ऑस्ट्रेलियात शेणकिडे नव्हते असे मात्र नाही. तेथे त्यांच्या तीनशेहून अधिक देशी जाती आहेत. परंतु त्यांची उत्क्रांती कांगारू आदी शिशुधानी प्राण्यांच्या कोरड्या, तंतुमय लेंड्यांवर झाली आणि त्यांपैकी बहुसंख्य जाती रानाच्या आश्रयाने राहतात. उघड्या कुरणातील गाईचा ओला, पसरट पोवटा त्यांच्या उपयोगाचा नव्हता. एक गाय दिवसाला दहा-बारा पोवटे टाकते. ते वरून वाळून कडक होत आणि महिनोन्‌महिने, क्वचित त्याहूनही अधिक काळ, तसेच पडून राहत. त्यांच्याभोवती उगवलेल्या गवताला गुरे तोंड लावीत नसत. दख्खनच्या खेड्यात ही समस्या सहसा जाणवत नाही, कारण तेथे शेण पडताच ते गोवऱ्यांसाठी किंवा उकिरड्यासाठी उचलले जाते. हजारो एकरांच्या ऑस्ट्रेलियन कुरणात ते उचलणार कोण?

पोवट्यातील दोन जीवनचक्रे

या न हलणाऱ्या शेणाचा लाभ दोन प्रकारच्या जीवांनी घेतला. पहिला जीव म्हणजे माश्या. माणसाच्या व जनावरांच्या डोळ्यांभोवती घोंघावणारी 'बुश फ्लाय' ही देशी माशी गाईच्या शेणात अमाप वाढली. गुरांचे रक्त शोषणारी 'बफेलो फ्लाय' एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आशियातून म्हशींबरोबर उत्तर ऑस्ट्रेलियात पोहोचली होती. तिचीही वाढ ताज्या शेणातच होते. माशीची अंडी एका दिवसाच्या आत फुटतात आणि अनुकूल उष्ण हवेत अळ्या चार-पाच दिवसांत पूर्ण वाढून कोशासाठी मातीत उतरतात. म्हणजे शेणकिड्याला जे करावयाचे ते पहिल्या एक-दोन दिवसांतच करावे लागते. चौथ्या दिवशी पोवटा नाहीसा झाला तरी माशीचे काम बव्हंशी झालेले असते.

दुसरा जीव म्हणजे गुरांच्या आतड्यांतील जंत. त्यांची अंडी शेणातून बाहेर पडतात, शेणातच फुटतात आणि अळ्या तेथील जीवाणूंवर जगत दोनदा कात टाकतात. तिसऱ्या अवस्थेतील अळी संसर्गक्षम असते. तिच्यावर जुन्या कातीचे आवरण राहिल्याने ती कोरडेपणा बराच सहन करते आणि पाऊस पडल्यावर गवतावर चढते. अखंड पोवटा हे तिचे कोठार होय : वरची पापडी आतला ओलावा राखते आणि प्रत्येक पावसात काही अळ्या बाहेर पडतात. शेणकिड्यांनी पोवटा विस्कटून पातळ केला की अंडी व कोवळ्या अळ्या सुकून मरतात.

बोर्नेमिसा यांची योजना

हंगेरीत जन्मलेले कीटकशास्त्रज्ञ जॉर्ज बोर्नेमिसा १९५० च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात आले. पर्थजवळील कुरणांत जागोजाग वाळलेले पोवटे पाहून त्यांना नवल वाटले, कारण मायदेशी असे दृश्य नव्हते. पुढे ते राष्ट्रकुल वैज्ञानिक संशोधन संस्थेत (सी.एस.आय.आर.ओ.) रुजू झाले आणि १९६० मध्ये त्यांनी परदेशी शेणकिडे आणण्याची कल्पना लेखरूपाने मांडली. तिला मांस-उद्योगाचे अर्थसाहाय्य मिळून १९६५ मध्ये प्रकल्प सुरू झाला.

१९३५ मध्ये उसावरील भुंगेऱ्यांसाठी आणलेला भेक स्वतःच उपद्रव ठरला होता, हा इतिहास ताजा होता. (हाच भेक पुढे आयात केलेले शेणकिडेही खाऊ लागला.) म्हणून सावधगिरी कडक होती. किडे आणावेत तर त्यांच्याबरोबर लाळ-खुरकुताचा विषाणू येण्याचे भय. यावर काढलेला उपाय असा : दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया येथील केंद्रात किड्यांच्या शेणगोळ्यांतून अंडी काढावयाची, फॉर्मालिनने धुवावयाची, कॅनबेराला पाठवावयाची आणि तेथे हाताने केलेल्या गोळ्यांत एकेक अंडे ठेवून पिढी वाढवावयाची. पहिल्या जाती हवाई बेटांतून आल्या, कारण गुरांवरील माशीसाठी तेथे त्या आधीच सोडलेल्या होत्या. त्यांतील 'ऑन्थोफॅगस गॅझेला' ही जाती १९६७-६८ मध्ये क्वीन्सलंडमध्ये टाउन्सव्हिलच्या परिसरात सोडण्यात आली. ती पोवट्याखाली बोगदे खणून शेण खाली नेते. अवघ्या दोन वर्षांत ती किनाऱ्यालगत सुमारे चारशे किलोमीटर पसरली, आणि दमट उन्हाळ्यात एक-दोन दिवसांत पोवट्याचा भुगा होऊ लागला.

फलित आणि मर्यादा

१९८५ पर्यंत एकूण ४३ जाती सोडण्यात आल्या. त्यांपैकी २३ स्थिरावल्या. जंतांविषयी क्वीन्सलंडमधील आर. पी. ब्रायन यांच्या १९७० च्या दशकातील प्रयोगांत किडे असलेल्या पोवट्यांभोवतीच्या गवतावर संसर्गक्षम अळ्या पुष्कळ कमी आढळल्या. तरीही हा नियम सर्वत्र लागू पडत नाही. किडे थोडे असले तर पोवटा नाहीसा होत नाही, केवळ सच्छिद्र होतो. हवा खेळल्याने जंतांच्या अळ्यांची वाढ उलट सुधारू शकते. उथळ पुरलेल्या शेणातून काही अळ्या पुन्हा वरही येतात. किडा उपस्थित आहे, एवढ्यावरून तो उपकारक ठरत नाही. पहिल्या दोन दिवसांत किती शेण हलले हे पाहावे लागते.

नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तेथे 'ऑन्थोफॅगस बायनोडिस' हा आफ्रिकन किडा स्थिरावल्यावर भर उन्हाळ्यात बुश फ्लायची संख्या स्पष्टपणे घटली. वसंतातली माशी मात्र कमी झाली नाही. वसंतात गवत कोवळे, त्यामुळे शेण पौष्टिक आणि अळ्या धष्टपुष्ट. त्या वेळी किडे मात्र पुरेशा संख्येने बाहेर पडलेले नसत. प्रकल्पाच्या यशापयशाचे खरे मोजमाप जातींच्या संख्येत नसून पंचांगातील या रिकाम्या जागेत आहे, असे म्हणावे लागते. हीच पोकळी भरण्यासाठी २०११ नंतर फ्रान्समधून वसंतात क्रियाशील असणाऱ्या 'ऑन्थोफॅगस वाक्का' आणि 'ब्युबास ब्युबालस' या जाती आणण्यात आल्या.

बफेलो फ्लायच्या बाबतीत अपेक्षाभंग झाला. उत्तरेतील ही माशी अपेक्षेप्रमाणे घटली नाही. येथे एक विसंगती नोंदवण्याजोगी आहे. आफ्रिकेत शेणकिड्यांच्या अंगावर बसून माशीची अंडी खाणारे सूक्ष्म कोळीवर्गीय जीव प्रवास करतात. रोगभयाने फॉर्मालिनने धुतलेल्या अंड्यांबरोबर हे सहप्रवासी येणे शक्यच नव्हते. शेवटी १९८० च्या सुमारास 'मॅक्रोकेलीस पेरेग्रिनस' हा असा एक जीव आफ्रिकेतून स्वतंत्रपणे आणावा लागला.

याच दशकात जंतनाशक म्हणून अॅव्हरमेक्टिन गटातील औषधे प्रचारात आली. ती जनावराच्या शेणातून बाहेर पडतात आणि त्या शेणावर वाढणाऱ्या शेणकिड्यांच्या अळ्या मारतात. ऑस्ट्रेलियात 'बायनोडिस'वर झालेल्या चाचण्यांतही हे दिसून आले. त्यामुळे जंत घटविण्यासाठी आणलेला किडा आणि जंत मारण्यासाठी दिलेले औषध एकाच पोवट्यात समोरासमोर आले. किड्यांच्या प्रजननाचा काळ टाळून औषध देणे आणि शेणकिड्यांना कमी घातक ठरणारा औषधगट निवडणे, हे दोन मार्ग त्यानंतर पशुपालकांपुढे ठेवण्यात आले.