जुने फ्लॅश गेम्स ऑफलाइन कसे खेळायचे? प्रोजेक्टर, फ्लॅशपॉइंट आणि सेव्ह केलेली SWF फाइल

शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये किंवा सायबर कॅफेत खेळलेला एखादा गेम आठवतो, आपण सर्च करतो, पेज उघडतं आणि गेमच्या जागी नुसता करडा चौकोन दिसतो. कारण सगळ्यांना माहीत आहे. अ‍ॅडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश प्लेयरचा सपोर्ट थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून ब्राउझरमधला प्लगइन फ्लॅश चालवायलाच नकार देऊ लागला. त्यानंतर ब्राउझरनी तो काढूनच टाकला.

पण बंद झाला तो ब्राउझरमधला प्लगइन. गेम म्हणजे SWF नावाची एक फाइल असते आणि ती चालवणारा वेगळा, ब्राउझरशिवायचा प्लेयरही अ‍ॅडोबीने बनवला होता. त्याला प्रोजेक्टर म्हणतात. विंडोजवर त्याच्या शेवटच्या आवृत्तीचं नाव flashplayer_32_sa.exe असं असतं, त्यातलं sa म्हणजे स्टँडअलोन. या प्रोजेक्टरमध्ये तारखेचं कुलूप नाही, त्यामुळे तो आजही चालतो. इन्स्टॉलही करावा लागत नाही, डबल क्लिक केलं की रिकामी पांढरी खिडकी उघडते. File मेनूतून Open निवडा, SWF फाइल दाखवा, गेम सुरू. Ctrl+F दाबलं की फुल स्क्रीन.

एवढं सोपं असेल तर लेख इथेच संपला असता. अडचण अशी की बऱ्याच जणांकडे फाइल असते, प्लेयरही असतो, तरी गेम चालत नाही. मग लोक प्लेयरला दोष देतात आणि दुसरा कुठला तरी 'फ्लॅश प्लेयर अपडेट' डाउनलोड करतात. तो हमखास व्हायरस असतो, कारण खरं अपडेट आता येतच नाही. खरा दोष बहुतेक वेळा फाइलमध्ये असतो आणि तो ओळखता येतो.

आधी फाइल तपासा

SWF फाइल नोटपॅडमध्ये उघडा. सगळी अगम्य अक्षरं दिसतील, पण पहिली तीन अक्षरं वाचता येतात. ती FWS, CWS किंवा ZWS असली पाहिजेत. FWS म्हणजे फाइल दाबलेली नाही, बाकीची दोन म्हणजे कॉम्प्रेस केलेली आहे. तिन्ही चालतात. पण सुरुवातीला `<!DOCTYPE html` असं काही दिसलं तर तुम्ही गेम सेव्ह केलेलाच नाही, गेमभोवतीचं वेबपेज सेव्ह केलंय. नाव बदलून शेवटी .swf लावल्याने ती गेम होत नाही.

मग साइज बघा. पूर्ण गेम साधारण काहीशे केबी ते काही एमबीचा असतो. माझ्या जुन्या पेनड्राइव्हवर एक गेम सापडला, मोठ्या आनंदाने उघडला, तर लोडिंगची पट्टी तिथल्या तिथे अडकून बसली. फाइल होती फक्त १४ केबीची. ती गेमची फक्त दारवान होती. तिचं काम एवढंच की वेबसाइटवरून खरी फाइल ओढून आणायची. ती वेबसाइट आता नाही, त्यामुळे ती आयुष्यभर लोड होत राहणार.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. फाइल पूर्ण असते, साइजही बरोबर असतो, तरी स्क्रीन काळी राहते किंवा 'हा गेम अमुक साइटवर जाऊन खेळा' असा मेसेज येतो. याला साइटलॉक म्हणतात. त्या काळात एका साइटवरचा गेम दुसरी साइट सर्रास उचलून लावायची. म्हणून गेम बनवणारे आत एक तपासणी टाकायचे: मी कुठल्या पत्त्यावरून उघडलोय? पत्ता ठरलेल्या साइटचा नसेल तर गेम थांबतो. तुमच्या प्रोजेक्टरमध्ये पत्ता असतो `file:///` ने सुरू होणारा, म्हणजे तुमच्याच हार्ड डिस्कचा. गेमच्या नजरेत तुम्ही चोर.

फ्लॅशपॉइंट नेमकं काय करतं

इथे फ्लॅशपॉइंट आर्काइव्ह कामाला येतं. बेन लॅटिमोर यांनी सुरू केलेला आणि आता स्वयंसेवकांनी चालवलेला हा प्रकल्प flashpointarchive.org वर मोफत मिळतो. त्यात दोन लाखांहून जास्त जुने वेब गेम्स आणि अ‍ॅनिमेशन्स जपलेली आहेत. त्याची युक्ती साधी आहे. तो तुमच्याच कॉम्प्युटरवर एक छोटा सर्व्हर चालू करतो. गेमने 'अमुक साइटवरून ही फाइल द्या' म्हटलं की ती मागणी इंटरनेटवर जातच नाही, हा घरचा सर्व्हर त्याच साइटच्या नावाने उत्तर देतो. साइटलॉकला योग्य पत्ता दिसतो, आणि त्या दारवानालाही मागची खरी फाइल मिळते.

फ्लॅशपॉइंटच्या दोन आवृत्त्या आहेत. अल्टिमेटमध्ये सगळं एकदम येतं, पण त्याला २ टीबीपेक्षा जास्त जागा लागते, म्हणजे तो विषय बहुतेकांनी सोडून द्यावा. इन्फिनिटी काही जीबीतच मावते आणि जो गेम तुम्ही खेळाल तेवढाच उतरवून घेते. म्हणजे पहिल्या वेळी नेट लागतं. नंतर तो गेम कायमचा तुमच्या डिस्कवर असतो. गावाला जाण्यापूर्वी हवे ते गेम एकेकदा चालू करून ठेवायचे, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

एक गेम करून बघू: ब्लॉक्सॉर्झ

ब्लॉक्सॉर्झ हा २००७ चा गेम. दोन घनांइतका लांब ठोकळा आडवा-उभा लोळवत चौकोनी भोकात उभा पाडायचा, नारिंगी फरशीवर उभा ठेवला की फरशी तुटते आणि ठोकळा खाली. अशा ३३ पातळ्या. सरावासाठी हा गेम मुद्दाम निवडलाय, कारण प्रत्येक पातळीला सहा आकडी पासकोड असतो. तो वहीत लिहून ठेवला की सेव्हची भानगडच नाही.

विंडोजच्या पीसी किंवा लॅपटॉपवर इन्फिनिटी इन्स्टॉल करा. सर्चमध्ये Bloxorz टाइप करा, सापडलेल्या नावावर डबल क्लिक करा, तो उतरेल आणि सुरू होईल. एक पातळी खेळा, बंद करा. आता वायफाय बंद करून पुन्हा चालू करा. चालला तर तो खरोखर तुमच्याकडे आला. ही वायफाय बंद करण्याची चाचणी टाळू नका, कारण नेट चालू असताना सगळंच 'ऑफलाइन' वाटतं.

आता फाइल शोधू. फ्लॅशपॉइंटच्या फोल्डरमध्ये `Data\Games` उघडा आणि फाइल्स तारखेनुसार लावा. सगळ्यात नवी झिप म्हणजे नुकताच उतरवलेला गेम. तिची एक कॉपी दुसरीकडे नेऊन उघडा (मूळ झिपला हात लावू नका). आत `content` नावाचं फोल्डर, त्यात मूळ वेबसाइटच्या नावाचं फोल्डर आणि त्याच्या पोटात SWF दिसेल. तिथे नवी झिप दिसत नसेल तर `Legacy\htdocs` मध्ये बघा, काही जुन्या नोंदी तिथे असतात. फोल्डरची ही रचना म्हणजेच गेमचा जुना पत्ता. म्हणून एकाच गेमच्या चार-पाच फाइल्स असतील तर त्यातली एकटी SWF बाहेर काढू नका, सगळं फोल्डर जसंच्या तसं उचला.

साइटलॉक असलेली एखादी SWF फ्लॅशपॉइंटशिवाय चालवायची असेल तर रफल वापरून बघा. रफल हा फ्लॅशची नक्कल करणारा नवा, मोफत प्लेयर आहे. त्याच्या विंडोज आवृत्तीत खोटा पत्ता सांगायची सोय आहे. कमांड प्रॉम्प्टमध्ये पत्त्याच्या जागी फोल्डरवरून कळलेला खरा पत्ता टाका:

```
ruffle.exe --spoof-url http://www.example.com/games/game.swf game.swf
```

फोनवर काय होतं?

फ्लॅशपॉइंट फोनवर चालत नाही, प्रोजेक्टरही नाही. फोनवर रफलच. लॅपटॉपवरून SWF फोनमध्ये घ्या, ब्राउझरमध्ये ruffle.rs/demo उघडा आणि फाइल निवडा. गेम फोनमध्येच चालतो, फाइल कुठे अपलोड होत नाही, पण हे पेज उघडायला नेट लागतं. अँड्रॉइडवर पूर्ण ऑफलाइन हवं असेल तर गिटहबवर रफलच्याच खात्यात ruffle-android नावाचं अ‍ॅप आहे. ते अजून घडतंय, त्यामुळे अधूनमधून अडखळलं तर नवल नाही. एपीके फक्त तिथूनच घ्या.

माऊसवर खेळायचे गेम फोनवर छान जमतात, कारण बोट लावलं म्हणजे क्लिक. ब्लॉक्सॉर्झला मात्र अ‍ॅरोच्या कीज लागतात. अ‍ॅपमधला स्क्रीनवरचा कीबोर्ड किंवा ब्लूटूथ कीबोर्ड नसेल तर ठोकळा जागचा हलणार नाही. दुसरी मर्यादा गेमच्या वयाची. २००६ मध्ये फ्लॅश प्लेयर ९ सोबत अ‍ॅक्शनस्क्रिप्ट ३ ही नवी भाषा आली. त्याआधीच्या भाषेतले गेम रफल जवळपास सगळे चालवतो, अ‍ॅक्शनस्क्रिप्ट ३ मधल्या काही गेम्समध्ये बटण चालत नाही किंवा चित्रं गायब होतात. तोच गेम प्रोजेक्टरवर नीट चालला तर दोष फाइलचा नाही, रफलचा आहे. तो लॅपटॉपवरच खेळा.

सेव्ह कुठे जातं?

पासकोड नसलेले गेम तुमची प्रगती .sol नावाच्या छोट्या फाइलमध्ये ठेवतात. प्रोजेक्टर वापरत असाल तर विंडोजमध्ये Win+R दाबून हे टाका:

```
%APPDATA%\Macromedia\Flash Player\#SharedObjects
```

आत वेड्यावाकड्या अक्षरांचं एक फोल्डर, त्यात `localhost` आणि पुढे तुमच्या SWF चं फोल्डर जसं आहे तशीच वाट दिसेल. म्हणजे सेव्ह त्या वाटेशी बांधलेलं असतं. SWF डेस्कटॉपवरून दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली की गेम पहिल्या पातळीपासून सुरू होतो आणि आपल्याला वाटतं सगळं उडालं. उडालेलं नसतं, जुन्या वाटेवरच पडलेलं असतं. SWF परत आधीच्या जागी ठेवा, प्रगती परत येते. म्हणून खेळायला सुरुवात करण्याआधीच एक कायमचं फोल्डर ठरवा.

ब्राउझरमधल्या रफलचं सेव्ह ब्राउझरच्या डेटामध्ये राहतं. फोनची जागा भरली म्हणून ब्राउझरचा सगळा डेटा साफ केलात तर ते खरोखरच जातं, तिथे जुनी वाट वगैरे काही नसते. गेमवर दाबून धरलं की येणाऱ्या मेनूत सेव्ह मॅनेजर आहे, त्यातून .sol फाइल बाहेर काढून ठेवता येते.